दोघेही चौकटीत: को-ऑप खेळांतला कॅमेरा धक्का न देता मागे-पुढे कसा सरकतो

एकाच टीव्हीसमोर बसून दोघांनी मिळून खेळायचा व्हिडिओ गेम म्हणजे लोकल को-ऑप. अशा काही खेळांत स्क्रीनचे दोन तुकडे करतात आणि प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो. इतर खेळांत स्क्रीन अखंड राहते आणि दोन्ही पात्रांना चौकटीत ठेवण्याची जबाबदारी एकट्या कॅमेऱ्यावर येते. पात्रे जवळ असली की कॅमेरा जवळ येतो, लांब गेली की मागे सरून जास्त परिसर दाखवतो. यालाच इथे झूम म्हटले आहे. या कॅमेऱ्याकडून दोन अपेक्षा असतात: कोणीही चौकटीबाहेर जाऊ नये आणि चित्र कधीही झटक्याने हलू नये. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जातात. झटका टाळायचा तर कॅमेऱ्याने पात्रांच्या मागून सावकाश यावे लागते, आणि सावकाश आला की जोरात पळणारा खेळाडू चौकटीच्या कडेपलीकडे निघून जातो. म्हणून असा कॅमेरा बनवणे म्हणजे मुख्यतः एक हिशेब आहे. कॅमेरा किती मागे पडतो आणि तेवढे मागे पडायला कडेला जागा आहे का, हे त्यात पाहायचे असते.

जुन्या खेळांनी हा प्रश्न बहुधा खेळाडूंवर ढकलला होता. १९८५ च्या ‘गॉन्टलेट’मध्ये चार जण एकत्र खेळत आणि एक जण मागे राहिला की बाकीच्यांनाही स्क्रीनच्या कडेशी थांबावे लागे. ‘काँट्रा’तल्या धबधब्याच्या टप्प्यात पुढचा खेळाडू वर चढला की चित्र वर सरके आणि मागे राहिलेला खालच्या कडेखाली जाऊन मरे. अंतर वाढले की चित्र लहान करायचे ही कल्पना निओ जिओ या यंत्रावरच्या मारामारीच्या खेळांनी रुळवली: १९९२ चा ‘आर्ट ऑफ फायटिंग’ आणि १९९३ चा ‘सामुराय शोडाउन’. त्या यंत्राला पात्रांची चित्रे आक्रसता येत, मोठी करता येत नसत. त्यामुळे चित्रे सर्वात जवळच्या आकारात काढून ठेवत आणि पात्रे लांब गेली की ती लहान करत. १९९९ मध्ये अमेरिकेतही पोचलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने त्रिमितीय कॅमेरा मागे-पुढे सरकवत चार जणांना एकाच चौकटीत बसवले.

आता एक ठोस उदाहरण घेऊन हिशेब करता येईल. बाजूने दिसणारा, उड्या मारत पुढे जाण्याचा एक खेळ आहे असे धरू. स्क्रीन १६:९ प्रमाणाची, १९२० गुणिले १०८० पिक्सेलची. पात्राची उंची १.८ मीटर आणि पळण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर. कॅमेऱ्याला दिसणारी रुंदी म्हणजे W. दोघे शेजारी उभे असताना W कमीत कमी १८ मीटर ठेवायची, कारण त्याहून जवळ गेले तर समोरून येणारा धोका वेळेत दिसत नाही. कडेला पात्र चिकटू नये म्हणून डावीकडे आणि उजवीकडे दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडायची. वहीच्या पानाला असतो तसा हा समास. वर-खालीही तेवढाच समास. दोघांमधले आडवे अंतर dx आणि उभे अंतर dy मानले, तर लागणारी रुंदी अशी निघते:

```
need = max(dx + 4, (dy + 4) * 16/9, 18)
need = min(need, 36)
```

उभ्या अंतराला १६/९ ने गुणायचे, कारण उंची मावण्यासाठीसुद्धा शेवटी रुंदीच वाढवावी लागते. कॅमेऱ्याचा मध्य दोघांच्या मधोमध ठेवायचा. दोघांत आडवे २० मीटर आणि उभे ३ मीटर अंतर असेल, तर पहिली संख्या २४ आणि दुसरी १२.४ येते, म्हणजे कॅमेऱ्याला २४ मीटर रुंदी दाखवावी लागेल.

W सरळ need इतकी ठेवली तर कोणीच बाहेर जाणार नाही, पण चित्र सतत थरथरेल. एखाद्याने नुसते पाऊल मागे-पुढे केले तरी सगळे जग श्वास घेतल्यासारखे फुगेल आणि आक्रसेल. म्हणून need हे फक्त लक्ष्य मानायचे आणि W ला त्याच्याकडे हळूहळू न्यायचे. नवशिके यासाठी सहसा सर्वात सोपी युक्ती वापरतात: दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा पार करायचा. ही युक्ती यंत्रानुसार वेगळी वागते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या यंत्रावर अर्ध्या सेकंदात तीस पावले पडतात आणि मूळ अंतराचा ४ टक्के भाग उरतो. ३० फ्रेमच्या यंत्रावर पंधराच पावले पडतात आणि २१ टक्के उरतो. एकच खेळ एका घरात चपळ तर दुसऱ्या घरात सुस्त वाटतो. शिवाय गर्दीच्या प्रसंगात फ्रेम गळू लागल्या की कॅमेरा अडखळतो, आणि नेमके तेव्हाच खेळाडूला चित्र स्थिर हवे असते. उपाय म्हणून हिस्सा फ्रेममागे न ठरवता वेळेवरून ठरवायचा:

```
W += (need - W) * (1 - exp(-k * dt))
```

इथे dt म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ आणि k म्हणजे कॅमेऱ्याची तत्परता. k मोठा असेल तर कॅमेरा चपळ, लहान असेल तर सावकाश.

कॅमेरा किती मागे पडतो हे आता मोजता येते, आणि या विषयातला हाच सर्वात उपयोगी आकडा आहे. लक्ष्य एकसारख्या वेगाने दूर जात असेल तर असा कॅमेरा त्याच्या मागे वेग भागिले k इतका राहतो. दोघे विरुद्ध दिशांना पळाले तर अंतर सेकंदाला १२ मीटरने वाढते. k चार असेल तर W ही need च्या मागे ३ मीटर राहील, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मीटर. समास दोन मीटरचा आहे, म्हणून अर्धा मीटर शिल्लक राहतो. पात्राच्या मध्यापासून खांद्यापर्यंत साधारण ०.४ मीटर धरले, तर ते कडेला जेमतेम न घासता मावते. चित्र आणखी मऊ वाटावे म्हणून k दोनवर आणला की मागे पडणे सहा मीटरकडे जाते, म्हणजे बाजूला जवळपास तीन मीटर, आणि दोघेही एकाच वेळी कडेपलीकडे जवळपास एक मीटर गायब होतात. समास किती ठेवायचा हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही तो यामुळे. मऊपणा हवा असेल तर त्याची किंमत समासाने चुकवावी लागते, आणि खेळातल्या सर्वात वेगवान हालचालीवरून ती आधीच काढता येते. पुढे खेळात दुप्पट वेगाची धाव घालायचे ठरले तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो मांडला नाही तर दोष अचानक कुठूनतरी उगवल्यासारखा वाटतो.

मध्य आणि रुंदी यांना वेगवेगळा k दिला की आणखी एक गोष्ट बिघडते. असे करण्याचा मोह सहज होतो, कारण चित्राचे आडवे सरकणे जास्त डोळ्यांत भरते आणि ते अधिक मऊ करावेसे वाटते. समजा रुंदीचा k चार आणि मध्याचा दोन आहे. एक खेळाडू जागेवर उभा आणि दुसरा डावीकडे पळतोय. लागणारी रुंदी सेकंदाला ६ मीटरने वाढते, रुंदी दीड मीटर मागे पडते, आणि त्यातला पाऊण मीटर डाव्या कडेच्या वाट्याला येतो. मध्य सेकंदाला ३ मीटरने सरकायला हवा, तो दीड मीटर मागे पडतो. दोन्ही मिळून डावी कड सव्वादोन मीटर मागे राहते आणि पळणारा बाहेर जातो, जरी दोघेही पळण्याची अधिक कठीण परीक्षा हा कॅमेरा पास झालेला असला तरी. दोन्ही ठिकाणी k चार असता तर ही तूट दीड मीटरच राहिली असती. म्हणून जाणकार मध्य आणि झूम असा विचार सोडून चौकटीच्या कडांचा विचार करतात: डावी कड सर्वात डाव्या पात्रामागे, उजवी सर्वात उजव्या पात्रामागे, आणि या कडांवरून शेवटी मध्य व रुंदी काढायची. दोघांनी एकमेकांना ओलांडले तरी डावीकडचे टोक अखंडच सरकते, त्यामुळे पात्रांची अदलाबदल चित्रात जाणवत नाही.

वर दिलेल्या सूत्रात अजून एक उणीव आहे. कॅमेऱ्याची जागा त्यात अखंड बदलते, पण वेग बदलत नाही, तो उडी मारतो. लक्ष्य एकदम चार मीटर पुढे गेले तर पहिल्याच क्षणी कॅमेऱ्याचा वेग शून्यावरून सेकंदाला सोळा मीटरवर पोचतो आणि मग ओसरत जातो. शेवट मऊ असतो, सुरुवात मात्र टोचते. डोळ्याला झटका म्हणून जे जाणवते ते पुष्कळदा असे वेगातले तुटणे असते. यावरचा रूढ उपाय म्हणजे कॅमेऱ्याला स्वतःचा वेग देणे आणि तो स्प्रिंगसारखा बदलत नेणे. ही स्प्रिंग नेमकी इतकी दाबलेली असते की ती लक्ष्याला ओलांडून मागे-पुढे हेलकावत नाही. युनिटी या इंजिनातले `SmoothDamp` हे फंक्शन असेच काम करते. त्याला k ऐवजी वेळ द्यावी लागते, आणि एकसारख्या वेगाने पळणाऱ्या लक्ष्यामागे ते साधारण वेग गुणिले ती वेळ इतके मागे राहते. पाव सेकंद दिला तर १२ गुणिले ०.२५, म्हणजे पुन्हा तीनच मीटर. वरचा हिशेब त्यामुळे जसाच्या तसा लागू राहतो आणि सुरुवातीचा टोचरा भाग निघून जातो.

समास न वाढवता ही तूट भरून काढायची असेल तर कॅमेऱ्याने पात्र आत्ता कुठे आहे याऐवजी थोड्या वेळाने कुठे असेल ते पाहावे. प्रत्येक पात्राच्या जागेत त्याचा वेग गुणिले पाव सेकंद मिळवला की लक्ष्य प्रत्येक बाजूला दीड मीटर पुढे सरकते आणि मागे पडणे बरोबर फिटते. पण हे औषध बेताने घ्यायचे असते. खेळाडू बटण डावे-उजवे भराभर दाबतो तेव्हा अंदाज दर वेळी तीन मीटरने उलटतो आणि कॅमेरा अस्वस्थ होतो. म्हणून अंदाजासाठी वेग आधी सरासरी काढून घेतात आणि पात्र जोडीदारापासून दूर जात असेल तेवढाच भाग मोजतात. जवळ येणाऱ्यासाठी अंदाजाची गरज नसते. तो बाहेर जाण्याची भीतीच नसते.

याच कारणाने बाहेर सरणे आणि आत येणे यांना सारखा वेग देण्याची गरज नाही. मागे सरायला उशीर झाला तर खेळाडू हरवतो, पुढे यायला उशीर झाला तर काही क्षण पात्रे जरा लहान दिसतात, एवढेच. मागे सरण्यासाठी k चार ठेवला तर आत येण्यासाठी एक पुरतो. त्यात एक मोठा फायदा आहे. शत्रूशी लढताना दोघे सारखे जवळ येतात आणि लांब जातात. कॅमेरा आत यायला आळशी असला की तो या लहान फेऱ्यांत जवळजवळ बाहेरच थांबतो आणि चित्र शांत राहते. आत येताना आणखी एक काळजी घेतात. १८ मीटरच्या चौकटीत दोन मीटरचा बदल म्हणजे अकरा टक्के, पण ३४ मीटरच्या चौकटीत तोच बदल सहा टक्के. डोळा मीटर मोजत नाही, प्रमाण मोजतो. म्हणून सारख्याच मीटरने पुढे येणारा कॅमेरा शेवटी वेग वाढवल्यासारखा वाटतो. W ऐवजी W चा लॉगरिदम मऊ केला की हे प्रमाण सांभाळले जाते.

बाजूने दिसणाऱ्या खेळांत सर्वात जास्त तक्रार उडीची असते. एक पात्र खालच्या मजल्यावर आणि दुसरे आठ मीटर वर आहे असे धरू. वर-खाली चार मीटर समास धरून बारा मीटर उंची लागते, म्हणजे रुंदी २१.३ मीटर. वरच्याने तीन मीटरची उडी मारली की क्षणभर पंधरा मीटर उंची लागते आणि रुंदी २६.७ वर जाते. प्रत्येक उडीला चित्र एक पंचमांश लहान होऊ पाहते, आणि अशा खेळात उड्या कधी थांबत नाहीत. इथे k कमी करणे हा चुकीचा उपाय ठरतो, कारण मग पळतानाचा हिशेब बिघडतो. बरोबर उपाय असा की उंची मोजताना पात्राची आत्ताची उंची न घेता त्याचे पाय शेवटचे ज्या जमिनीवर टेकले तिची उंची घ्यायची, आणि वरचा समास एका उडीला पुरेल इतका, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास, कायम ठेवायचा. पात्र नव्या फळीवर उतरले की उंची बदलते आणि कॅमेरा एकदाच, सावकाश जुळवून घेतो. पात्र शेवटच्या जमिनीखाली कोसळू लागले तर मात्र ही सवलत लगेच रद्द करून खरी उंची मोजायची, नाहीतर दरीत पडणारा खेळाडू आपण कुठे पडतोय हेच पाहू शकत नाही.

खरा मोठा झटका बहुतेक वेळा पळण्यातून येत नाही, पात्र नाहीसे होण्यातून येतो. दोघे २८ मीटर दूर असताना एक मेला की यादीत एकच नाव उरते. लागणारी रुंदी एका फ्रेममध्ये ३२ वरून १८ वर येते आणि मध्य १४ मीटर बाजूला जातो. मऊ करणारे सूत्र हे गिळू शकते, पण वेग तरीही फार जाणवतो आणि जिवंत खेळाडूला नेमक्या कठीण क्षणी दिशा हरवल्यासारखे होते. म्हणून मेलेल्याची जागा यादीतून लगेच काढत नाहीत. अर्धा सेकंद तो तिथेच आहे असे मानतात आणि मग त्याची काल्पनिक जागा सेकंदभरात जोडीदाराकडे सरकवतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो मेला नसून चालत जोडीदाराकडे आला. युनिटीच्या सिनेमशीन या साधनात प्रत्येक लक्ष्याला वजन देता येते, आणि ते एकावरून शून्यावर हळूहळू नेले की असाच परिणाम मिळतो. पुनर्जन्माच्या वेळी तर सर्वात सोपा मार्ग खेळाच्या रचनेतच असतो: नवे पात्र जोडीदाराच्या शेजारीच उगवावे, म्हणजे कॅमेऱ्याला काही करावेच लागत नाही.

W ला वरची सीमा लागतेच. १८ मीटर रुंदीत १.८ मीटरचे पात्र १९२ पिक्सेल उंच दिसते, ३६ मीटरमध्ये ९६. दिवाणखान्यात टीव्हीपासून दोन-तीन मीटरवर बसलेल्याला त्याहून लहान पात्राचे हात-पाय आणि शत्रूची तयारी नीट ओळखता येत नाही, म्हणून या खेळात ३६ ही सीमा. समास वजा करता दोघांना ३२ मीटरपर्यंत लांब जाता येते. त्यापुढे काय, हे कॅमेरा सोडवू शकत नाही, ते खेळाच्या नियमाने सोडवावे लागते. अदृश्य भिंत घालणे सर्वात सोपे, पण पळता पळता हवेत धडकणे हाही झटकाच आहे, फक्त तो बोटांना जाणवतो. म्हणून शेवटच्या तीन मीटरमध्ये दूर जाण्याचा वेग हळूहळू शून्यावर आणणे अधिक चांगले. परत येण्याचा वेग मात्र अजिबात कमी करायचा नाही. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये खेळाडू बुडबुड्यात शिरून तरंगत जोडीदाराकडे येऊ शकतो. त्याच वर्षीच्या ‘लेगो इंडियाना जोन्स २’ने वेगळी वाट धरली: दोघे लांब गेले की स्क्रीन दुभंगते आणि जवळ आले की पुन्हा एक होते. दोघांनी खरोखर वेगवेगळी कामे करायची असतील तर हीच वाट योग्य. झूम ताणत बसण्यात तिथे अर्थ नाही.

त्रिमितीय खेळात W कशी वाढवायची यालाही दोन मार्ग आहेत: कॅमेरा मागे नेणे किंवा भिंगाचा कोन रुंद करणे. आडवा कोन ६० अंशांचा असेल तर १८ मीटर दिसायला कॅमेरा १५.६ मीटर मागे हवा आणि ३६ मीटरला ३१.२. कॅमेरा मागे नेणे बहुतेक वेळा बरे, कारण कोन बदलला की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे प्रमाण सगळीकडे बदलते आणि झूम न करताही जग वाकल्यासारखे वाटते. बंद खोल्यांत मात्र मागे जाणारा कॅमेरा भिंतीत शिरतो. तिथे कोनाचा थोडा आधार घ्यावा लागतो.

हिशेब सगळा बरोबर असूनही चित्र थरथरत असेल तर बहुधा क्रम चुकलेला असतो. कॅमेरा आधी हलला आणि पात्र नंतर, तर कॅमेरा दर वेळी एका फ्रेमआधीची जागा पाहतो. युनिटीत म्हणूनच कॅमेऱ्याचे काम `LateUpdate` मध्ये, सगळी पात्रे हलून झाल्यावर करतात. पात्रे भौतिकीच्या ठरावीक ठोक्यावर हलत असतील आणि चित्र त्याहून जलद रंगवले जात असेल, तर दोन ठोक्यांमधली जागा अंदाजाने भरून घ्यावी लागते, नाहीतर पात्र आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या तालावर सरकतात. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: k कितीही बदलला तरी थरथर तेवढीच राहते. मोठ्या पिक्सेलांची चित्रे असलेल्या खेळात वेगळी थरथर दिसते. अपूर्णांकातल्या झूमला काही पिक्सेल इतरांपेक्षा जाड होतात आणि चित्र सरकताना चमचमतात. तिथे W मऊ करून भागत नाही, खेळ आधी मूळ आकारात रंगवून मग सगळे चित्र एकदम लहान-मोठे करावे लागते.

तपासणीसाठी स्क्रीनवर दोन चौकोन काढून ठेवतात, एक need चा आणि एक खऱ्या चौकटीचा, आणि प्रत्येक पात्र कडेपासून किती मीटरवर आहे याची सर्वात लहान नोंद साठवत जातात. मग ठरलेल्या हालचाली करून पाहायच्या: दोघे विरुद्ध दिशांना पळणे, एकाने उभे राहून दुसऱ्याने पळणे, एकाने जागच्या जागी उड्या मारणे, एकाने दरीत पडणे, एकाने टोकाला जाऊन मरणे. हेच सगळे ३० आणि १२० फ्रेमवर पुन्हा करायचे. नोंद शून्याखाली गेली तर समास कमी पडला. ती ठीक असून W च्या वेगाच्या आलेखात उभी रेघ दिसली तर लक्ष्यच कुठेतरी तुटले आहे, आणि तेव्हा k ला हात न लावता लक्ष्य कुठे तुटले ते शोधायचे.